ऐंशी टक्क्यांचा वायदा

बॉयलरच्या खरेदी-आदेशात सगळ्यात लहान ओळ बहुधा कार्यक्षमतेची असते: ‘एफिशियन्सी ८० टक्के, अधिक-उणे २’. किमतीवर घासाघीस होते, पैसे किती हप्त्यांत द्यायचे यावर बैठका होतात, वाहतूक कुणाची आणि पाया कुणाचा यावर पत्रे जातात. ही ओळ मात्र कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. मग बॉयलर उभा राहतो, वाफ धरतो आणि शेवटचा हप्ता मागायला कंपनीचा माणूस येतो, तेव्हा तिची आठवण होते. ऐंशी टक्के आले का, हे ठरवायला जी चाचणी घेतात तिला ‘परफॉर्मन्स गॅरंटी टेस्ट’ म्हणतात. कारखान्यात तिचे नाव ‘पीजी टेस्ट’.

शहापूर तालुक्यातले आसनगाव-आटगाव आणि शेजारची मुरबाडची एमआयडीसी इथल्या कारखान्यांना साजेसा एक बॉयलर हिशेबासाठी कल्पू या. क्षमता तासाला ६ टन वाफ, दाब १०.५ किलो, इंधन ब्रिकेट. ब्रिकेट म्हणजे लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, शेतातला काडीकचरा दाबून केलेली कांडकी. बॉयलर कल्पित असला तरी खालचे आकडे या आकाराच्या बॉयलरला धरून आहेत, आणि हिशेबही खऱ्या चाचणीत करतात तसाच आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बॉयलरला बाष्पके संचालनालयाचे प्रमाणपत्र मिळाले की तो ‘पास’ झाला असे अनेक मालक धरून चालतात. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा, दोन्हींचाही मुख्य रोख सुरक्षिततेवर आहे. पत्रा, वेल्डिंग, हायड्रॉलिक चाचणी, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळे निरीक्षक पाहतो. तुमचा बॉयलर किती ब्रिकेट खातो, हा त्याचा विषय नाही. तो विकणारा आणि घेणारा यांच्या करारातला विषय आहे आणि तो त्या दोघांनीच मिटवायचा असतो.

मिटवावा इतका तो मोठा आहे का? आपला बॉयलर पूर्ण भारावर तासाला साधारण १,०६६ किलो ब्रिकेट जाळतो. कार्यक्षमता ८० ऐवजी ७९ असेल तर तासाला साडेतेरा किलो जास्त. वर्षाचे सहा हजार तास धरले तर हे एक्क्याऐंशी टन होतात. टनाला सात हजार रुपये धरले तर वर्षाला साडेपाच लाखांच्या वर, तेही एकाच टक्क्यापायी. बॉयलर वीस वर्षे चालतो.

आता पहिला प्रश्न: ऐंशी टक्के, पण कशाचे? इंधनाची उष्णता मोजायच्या दोन रीती आहेत. ब्रिकेटमधला हायड्रोजन जळला की पाणी तयार होते, आणि ओलाव्याचे पाणी आधीपासून असतेच. हे सगळे पाणी वाफ होऊन धुरासोबत चिमणीतून निघून जाते. त्या वाफेत अडकलेली उष्णता इंधनाच्या खात्यात धरली तर तो आकडा जीसीव्ही, म्हणजे एकूण उष्मांक. ती आधीच वजा केली तर एनसीव्ही, निव्वळ उष्मांक. आपल्या ब्रिकेटमध्ये हायड्रोजन ५ टक्के आणि ओलावा ९ टक्के धरू. त्याचा जीसीव्ही किलोला ३,८०० किलोकॅलरी, तर एनसीव्ही ३,४८५ च्या आसपास. म्हणजे जो बॉयलर जीसीव्हीवर ८० टक्के आहे तोच एनसीव्हीवर ८७ टक्के. दोन कंपन्यांची कोटेशने शेजारी ठेवून ‘यांचा बॉयलर सात टक्क्यांनी चांगला’ असे ठरवणाऱ्याने हे आधी तपासलेले बरे. करारात तीन अक्षरे लिहिली नसतील तर पीजी टेस्टला काही अर्थ उरत नाही.

अशीच दुसरी पळवाट ‘६ टन’ या शब्दांत आहे. बॉयलरवाल्यांचा टन हा ‘एफ अँड ए १००’ चा टन असतो. म्हणजे १०० अंशाच्या पाण्याची १०० अंशाचीच वाफ केली असती तर किती झाली असती, तो आकडा. त्याला किलोमागे ५४० किलोकॅलरी पुरतात. आपल्याला मात्र ६० अंशाचे पाणी घेऊन १०.५ किलो दाबाची वाफ करायची आहे, तिला किलोमागे ६०४ लागतात. म्हणून पाटीवरचे ६,००० किलो प्रत्यक्षात ५,३६५ किलोच्या आसपास येतात. यात फसवणूक नाही, ती रूढ रीत आहे. पण प्रोसेसला खरोखर सहा टन वाफ लागणार असेल तर हा बॉयलर कमीच पडणार.

मोजायच्याही दोन पद्धती आहेत. सरळ पद्धत कुणालाही समजते: वाफेतून किती उष्णता बाहेर आली, इंधनातून किती आत गेली, भागाकार करा. दुसरी तोट्याची पद्धत. उष्णता कुठून कुठून वाया गेली ते एकेक मोजायचे आणि शंभरातून वजा करायचे. पहिलीत ढोबळपणा जास्त, कारण पाण्याच्या मीटरची एक टक्का चूक उत्तरात जवळजवळ पूर्ण एक टक्का म्हणूनच उतरते. दुसरीत आपण मुळात वीसच टक्के मोजत असतो. त्यातल्या एका तोट्यात दहा टक्क्यांची चूक झाली तरी उत्तर अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलते. म्हणून आयएस ८७५३ हे १९७७ चे भारतीय मानक असो की अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची ‘पीटीसी ४’ ही चाचणी-संहिता असो, तोट्याच्या हिशेबाला मोठे स्थान आहे. (त्या अमेरिकन संस्थेने बॉयलर-चाचणीची पहिली संहिता १८८४ मध्ये काढली होती. विकणारा आणि घेणारा यांचा वाद तितका जुना आहे.) माझे मत असे की लहान बॉयलरवर दोन्ही पद्धती एकाच वेळी चालवाव्यात. निकाल तोट्याच्या पद्धतीने द्यावा आणि सरळ पद्धतीला साक्षीदार म्हणून उभे करावे. हा साक्षीदार काय कामाचा, ते पुढे येईल.

चाचणीचा दिवस खरे तर आदल्या दिवशी सुरू होतो. नळ्यांमधली काजळी साफ करून घ्यायची, कारण काजळीचा थर असला की धुराचे तापमान वीस-तीस अंशांनी सहज वर जाते आणि विक्रेता म्हणणार, बॉयलर तुम्हीच घाण केलात. पण घासूनपुसून लगेच मोजायचे असेही नाही. बॉयलर चाचणीच्याच भारावर काही तास चालू हवा, म्हणजे विटा, इन्सुलेशन, पाणी सगळे एका तापमानाला स्थिरावते. सकाळी पेटवून दहा वाजता मोजायला घेतले तर बरीच उष्णता भिंती तापवण्यात जाते आणि बॉयलर विनाकारण बदनाम होतो.

मग दोन गोष्टी सुरुवातीला आणि शेवटी अगदी सारख्या हव्यात: गेज ग्लासमधली पाण्याची पातळी आणि ग्रेटवरचा इंधनाचा थर. पातळीचे गणित पाहा. आपल्या बॉयलरमध्ये पाण्याचा पृष्ठभाग सात चौरस मीटर धरला तर पातळीतला एक सेंटिमीटर म्हणजे साठ-एक किलो पाणी. तासाभराच्या चाचणीत हा फरक एक टक्क्याहून जास्त, आठ तासांच्या चाचणीत तोच दीड दशांश टक्का. म्हणून चाचणी लांबवायची. शिवाय गेज ग्लास खोटेही बोलतो. वाफेची मागणी एकदम वाढली की पाण्यात बुडबुडे होतात आणि पातळी फुगते, पाणी वाढलेले नसतानाही. म्हणून दोन्ही टोकांना पातळी वाचताना भार तोच हवा, दाबही तोच हवा. ग्रेटवरचा थर याहून अवघड, कारण तो नजरेने ठरवायचा. शंभर किलो ब्रिकेट इकडे-तिकडे झाली तर आठ तासांतही एक टक्का जातो. अनुभवी फायरमन इथे कामाला येतो. चाचणीआधी कंपनीचा माणूस आणि मालकाचा माणूस दोघांनी झाकण उघडून थर पाहावा, जाडीची नोंद करावी आणि सही करावी.

चाचणी चालू असताना ब्लोडाउन बंद. नळ्या फुंकायच्या नाहीत, डॅम्परशी खेळायचे नाही. कुणी मध्येच ‘जरा हवा कमी करून बघतो’ म्हणाले तर तिथून पुढचे तास बाद धरावेत.

आता इंधनाचा नमुना. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडे चाचणी ठेवायची वेळ आली तर सगळा वाद इथेच होतो. करारात ओलावा ९ टक्के लिहिलेला असतो आणि शेडमधली ब्रिकेट जुलैत तेरा-चौदा टक्के भरते. ढिगाच्या वरच्या थरातली वेगळी, भिंतीकडच्या पोत्यांतली वेगळी. म्हणून नमुना ढिगातून घ्यायचाच नाही. हॉपरमध्ये पडताना दर पंधरा मिनिटांनी थोडा घ्यायचा आणि लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचा. उघड्या घमेल्यात बॉयलरशेजारी ठेवलेला नमुना संध्याकाळपर्यंत सुकतो. तो प्रयोगशाळेत कोरडा ठरला की जळालेल्या ब्रिकेटचा उष्मांक कागदावर फुगतो आणि भांडण तयार होते. दिवसाच्या शेवटी सगळे नमुने फोडून एकत्र करायचे, गोल ढीग घालून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे करत किलो-दीड किलोवर आणायचे. त्याच्या तीन पिशव्या: एक कंपनीला, एक मालकाला आणि एक सील करून वाद झाला तर उघडण्यासाठी.

धूर मोजताना बारीक चूक मोठी होते. बॉयलरच्या बाहेर पडणाऱ्या डक्टमध्ये ऑक्सिजन आणि तापमान मोजतात. ऑक्सिजन ७ टक्के आला तर गरजेपेक्षा ५० टक्के जास्त हवा आत जाते आहे असा अर्थ. पण आयडी फॅनमुळे डक्टमध्ये ओढ असते, आणि नळी जिथून आत घातली त्या भोकाभोवती फट राहिली तर बाहेरची हवा नळीच्या तोंडाशीच शिरते. यंत्र ७ ऐवजी ९ दाखवते आणि हिशेबात बॉयलर जवळजवळ एक टक्का गमावतो. भोकाशी अगरबत्ती धरली तर धूर आत ओढला जातो की नाही ते लगेच दिसते. दोरी कोंबून फट बंद करायची. दुसरी गोष्ट, तापमान आणि ऑक्सिजन एकाच जागी मोजायचे. तापमान बॉयलरच्या तोंडाशी आणि ऑक्सिजन चिमणीत असे मोजले तर वाटेत गळून आत आलेली हवाही त्या जास्त तापमानाला तापवली असे हिशेबात धरले जाते आणि तोटा फुगतो. डक्ट रुंद असेल तर एका बिंदूवरही भागत नाही, कारण कडेचा धूर आणि मधला धूर सारखा नसतो. नळी आत-बाहेर सरकवत पाच-सहा ठिकाणी वाचन घेऊन सरासरी काढतात.

आपल्या चाचणीत धूर १५६ अंश, बाहेरची हवा २८ अंश, ऑक्सिजन ७ टक्के आणि ब्रिकेटचा ओलावा १४ टक्के आला असे समजू. तोटे असे पडतात: कोरड्या धुराबरोबर गेलेली उष्णता ६.१ टक्के, हायड्रोजनपासून झालेल्या पाण्यापायी ७.६, इंधनातल्या ओलाव्यापायी २.५, हवेतल्या दमटपणापायी ०.२, अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झालेला ०.५, राखेत न जळता उरलेला कोळसा २.३ आणि अंगातून बाहेर पडणारी उष्णता १.०. बेरीज २०.२, म्हणून कार्यक्षमता ७९.८. गॅरंटी ८०. नापास?

थांबा. जुलैची दमट हवा बॉयलरला मारते असे सगळे म्हणतात, पण वरच्या यादीत हवेचा दमटपणा दोन दशांश टक्का आहे. त्याने काही बिघडत नाही. बिघडवतो तो ब्रिकेटमधला ओलावा. करारात तो ९ टक्के होता. त्या ओलाव्याला हाच तोटा १.५ टक्के झाला असता, म्हणजे २.५ पैकी पूर्ण एक टक्का पावसाचा आहे, बॉयलरचा नाही. तो हिशेब करून करारातल्या अटींवर आणलेली कार्यक्षमता ८०.८ येते. या हिशेबाला दुरुस्ती म्हणतात आणि ती कशी करायची, कोणत्या सूत्राने, कोणत्या मर्यादेपर्यंत, हे चाचणीच्या आधी कागदावर असावे लागते. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला तर भट्टीच नीट पेटत नाही आणि सगळे तोटे एकमेकांत मिसळतात. तेव्हा दुरुस्तीचा कागद पुढे न करता चाचणी पुढे ढकलावी.

आता ८०.८ हा आकडा किती खरा? प्रत्येक मोजणीला शंकेचा पट्टा असतो. तापमान तीन अंशांनी चुकू शकते, त्याने उत्तर दीड दशांश टक्क्याने हलते. ऑक्सिजन ०.३ ने चुकला तरी तेवढेच. म्हणजे जी यंत्रे सर्वांत महाग आणि ज्यांच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर सगळ्यांची नजर, ती फारशी दोषी नसतात. खरी शंका इंधनात आणि राखेत आहे. हायड्रोजनचा टक्का ०.२ ने इकडे-तिकडे झाला तर ०.३ टक्के. उष्मांकाचा नमुना आणि प्रयोगशाळा मिळून दोन-सव्वादोन टक्के चुकले तर ०.४. राखेतला कार्बन १२ टक्के मानला पण तो ९ ते १५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, कारण ग्रेटखालची राख आणि डस्ट कलेक्टरची राख यांत फरक असतो; त्यापायी ०.६. अंगाची उष्णता तक्त्यावरून धरली, तिचे ०.३. ओलाव्याचे पावणेदोन दशांश.

हे सगळे नुसते बेरजेने जोडायचे नसतात. सगळ्या चुका एकाच दिवशी एकाच दिशेला होणे अगदी दुर्मीळ. म्हणून प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घेतात आणि वर्गमूळ काढतात. आपले उत्तर ०.९ येते. म्हणजे कार्यक्षमता ८०.८ अधिक-उणे ०.९, आणि साधारण शंभरांत पंचाण्णव वेळा खरा आकडा या पट्ट्यात असेल अशी खात्री. वर्ग करण्याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे: मोठी चूक लहान चुकांना गिळून टाकते. तापमापक बदलून दुप्पट अचूक आणला तरी ०.९ जवळजवळ ०.९ च राहते. राखेचे नमुने एका जागेऐवजी चार जागांहून घेतले तर मात्र पट्टा लगेच अरुंद होतो. पैसे आणि मेहनत कुठे घालायची ते या बेरजेतून कळते. बहुतेक ठिकाणी ही बेरीज कुणी करतच नाही आणि चांगल्या तापमापकावर भांडत बसतात.

सरळ पद्धतीचा पट्टा याच रीतीने काढला तर पाण्याचे मीटर, वजनकाटा, थर, उष्मांक आणि नमुना मिळून अधिक-उणे २.२ येतो. एवढ्या रुंद पट्ट्याने एका टक्क्याचे भांडण मिटत नाही. पण साक्षीदार म्हणून ती कशी उपयोगी पडते ते आता पाहा.

आठ तासांत मीटरने ४३,००० किलो पाणी दाखवले आणि काट्यावर ८,६५० किलो ब्रिकेट गेली. भागाकार करून कार्यक्षमता ८३.६ आली. तोट्याच्या पद्धतीने त्याच आठ तासांची, दुरुस्ती न केलेली, ७९.८. कंपनीचा माणूस साहजिकच म्हणणार, बघा, बॉयलर गॅरंटीहून सरस आहे. पण ३.८ टक्क्यांचे हे अंतर दोन्ही पट्टे जोडूनही (वर्गांच्या रीतीने २.४) भरून निघत नाही. पट्ट्यांत न मावणारे अंतर म्हणजे कुठेतरी सरळ दोष आहे, आणि तो शोधल्याशिवाय कुठलाच आकडा मानायचा नाही.

संशय पाण्यावर. मीटरने मोजलेले सगळे पाणी वाफ झाले असे आपण धरले. ते तसे झाले नसेल तर एकतर वाफेबरोबर थेंब वाहून जात आहेत, किंवा ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह बंद असूनही गळतो आहे. दोन्ही बाबतीत पाणी फक्त तापून बाहेर जाते. वाफ होण्याची किलोमागे ४७६ किलोकॅलरी त्याने घेतलेलीच नसते, पण हिशेबात ती जमा होते. अंतर भरून काढायला आठ तासांत जवळजवळ अडीच हजार किलो पाणी असे निसटायला हवे, तासाला तीनशेच्या वर. हे दिसणार कसे?

क्षारांवरून. शुद्ध वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते बॉयलरमध्येच साठतात. फीडच्या पाण्याचा टीडीएस २०० असेल तर ४३ टन पाण्याबरोबर ८.६ किलो क्षार आत आले. बॉयलरमध्ये ८ टन पाणी असेल आणि ब्लोडाउन खरोखर बंद असेल तर टीडीएस हजाराहून जास्त वाढायला हवा: सकाळी २,५०० तर संध्याकाळी ३,५७५. प्रत्यक्षात तो २,७७५ भरला. म्हणजे सहा-साडेसहा किलो क्षार कुठूनतरी बाहेर गेले, आणि त्या तीव्रतेचे तेवढे क्षार न्यायला अडीच हजार किलोच पाणी लागते. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले. आता थेंब की गळती? मुख्य वाफेच्या लाइनवरून थंड करून घेतलेल्या नमुन्याचा टीडीएस जवळजवळ शून्य असेल तर वाफ कोरडी आहे. आणि बंद व्हॉल्व्हच्या पलीकडचा ब्लोडाउनचा पाइप, जो तासाभरात गार व्हायला हवा होता, तो हात लावू देत नसेल तर गळती तिथेच.

या शोधाचा आणखी एक परिणाम होतो आणि तो विक्रेत्याला आवडत नाही. गळालेले पाणी वजा केले की वाफ तासाला ५,०६५ किलोच उरते. एफ अँड ए च्या भाषेत ५.६६ टन. म्हणजे बॉयलर पूर्ण भारावर चाललाच नव्हता, सगळ्यांना तसे वाटत होते इतकेच. ६ टनांची गॅरंटी या फेरीत सिद्ध झालेली नाही. व्हॉल्व्हची सीट घासून बसवायची आणि फेरी पुन्हा घ्यायची, दुसरा इलाज नाही.

समजा दुसऱ्या फेरीत भार पूर्ण मिळाला, सरळ पद्धतीने ८०.९ आली, तोट्याच्या पद्धतीने ७९.६ आणि ओलाव्याची दुरुस्ती करून ८०.६. आता दोन्ही पद्धतींतले अंतर जोडलेल्या पट्ट्यात मावते. दोन फेऱ्यांतला फरक ०.२, तोही पट्ट्यात. मग निकाल? ८०.६, आणि पट्टा ७९.७ ते ८१.५. पट्ट्याचे खालचे टोक गॅरंटीच्या खाली डोकावते. घेणारा म्हणू शकतो, ऐंशी नक्की आहेत हे सिद्ध झालेले नाही. विकणारा म्हणू शकतो, ऐंशी नाहीत हे तर मुळीच सिद्ध झालेले नाही. गणिताकडे याचे उत्तर नाही. शंकेचा फायदा कुणाला, हे करारात लिहायचे असते. मोजलेला आकडा जसाच्या तसा घ्यायचा, पट्टा फक्त चाचणीचा दर्जा सांगायला वापरायचा, आणि पट्टा ठरलेल्या मर्यादेहून रुंद असेल तर चाचणीच बाद करायची, ही रीत मला सर्वांत सरळ वाटते. आपल्या आकाराच्या बॉयलरला ती मर्यादा एक टक्का ठेवता येते.

आणि मग ते ‘अधिक-उणे २’. ते मोजणीच्या शंकेचे आहे की विक्रेत्याला दिलेल्या सवलतीचे, हे त्या ओळीत कधीच लिहिलेले नसते. सवलत असेल तर गॅरंटी मुळात ७८ टक्क्यांचीच आहे, आणि ८० हा आकडा फक्त कोटेशनवर शोभायला. शंका असेल तर चाचणीने ती ०.९ वर आणून दाखवली की २ चा हक्क उरत नाही. मी पाहिलेल्या करारांत विक्रेता दोन्ही फायदे घेतो: आधी मोजणीत शंका आहे म्हणून दोन टक्के, मग करारात आहेत म्हणून आणखी दोन. ७६ टक्क्यांचा बॉयलर असा ‘पास’ होतो. वर केलेल्या हिशेबाने चार टक्के म्हणजे वर्षाला तीनशेहून जास्त टन ब्रिकेट.

यातले बरेचसे चाचणीच्या आठवड्यात करता येत नाही. धुराच्या डक्टला भोक नंतरही पाडता येते. पण फीड लाइनवरचा तापमापकाचा खोबा, मुख्य वाफेच्या लाइनवरचा नमुन्याचा नळ, ब्लोडाउनवरचा दुसरा व्हॉल्व्ह हे सगळे दाबाखालचे भाग. बॉयलर नोंदला गेल्यावर तिथे वेल्डिंग करायचे म्हणजे पुन्हा बाष्पके संचालनालयाकडे अर्ज, पुन्हा तपासणी आणि तितके दिवस वाफ बंद. म्हणून ड्रॉइंग मंजुरीला येते त्याच दिवशी या तीन जागांवर लाल पेनाने खूण करून ते परत पाठवावे.